घाम येणारच, प्रश्न तो दिसण्याचा आहे

मे महिन्यातल्या संध्याकाळच्या रिसेप्शनला कुठला रंग घालू नये, असं कुणी विचारलं तर मी आधी राखाडीचं नाव घेईन. त्याच्या पाठोपाठ आकाशी, मग पिस्ता, लॅव्हेंडर, पीच आणि खाकी. गंमत म्हणजे लग्नाच्या कपड्यांच्या दुकानात उन्हाळ्यासाठी म्हणून नेमके हेच रंग हल्ली समोर टाकले जातात. ‘उन्हाळा आहे, फिकं घ्या’ हा सल्ला घरातल्या आजीपासून काउंटरवरच्या सेल्समनपर्यंत सगळे देतात. दुपारच्या लग्नाला तो बरोबरच आहे, कारण गडद कापड ऊन जास्त शोषतं आणि तापतं. पण रिसेप्शन असतं संध्याकाळी साडेसातला. आपल्याकडे मेमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो. ऊनच नसेल तर काळं किंवा नेव्ही ब्लू कापड पांढऱ्यापेक्षा जास्त तापायचं कारण उरत नाही. उरतो तो उकाडा आणि घाम. म्हणून संध्याकाळी रंग निवडताना तो किती गरम होईल हे बघायचं नसतं, ओला झाल्यावर कसा दिसेल हे बघायचं असतं. या दोन हिशेबांची उत्तरं बऱ्याचदा उलटी येतात.

ओलं कापड गडद का दिसतं, हे एकदा समजलं की रंगांची यादी पाठ करावी लागत नाही. सुती कापड म्हणजे असंख्य बारीक तंतू आणि त्यांच्यामधली हवा. कोरड्या कापडावर उजेड पडला की तो तंतू आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर थोडाथोडा परततो. हा परतलेला उजेड आपल्या डोळ्यांत येतो आणि कापड उजळ दिसतं. घाम आला की तंतूंमधल्या हवेची जागा पाणी घेतं. उजेडाच्या दृष्टीने पाणी हवेपेक्षा तंतूला बरंच जवळचं, त्यामुळे सीमेवरून परतणारा उजेड कमी होतो. तो कापडात आणखी खोल शिरतो, वाटेत रंगद्रव्य त्याला शोषून घेतं, आणि तेवढा भाग काळपट दिसतो. समुद्रकिनाऱ्यावरची ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा गडद दिसते, तीही याच कारणाने.

आता रंगांकडे बघा. काळ्या किंवा गर्द निळ्या कापडात मुळातच इतका उजेड शोषला जातो की ओलं झाल्यावर आणखी शोषायला फारसं काही उरत नाही. डाग पडतो, पण आजूबाजूच्या कापडाहून वेगळा दिसत नाही. पांढऱ्या कापडात शोषणारं रंगद्रव्यच नाही, त्यामुळे तेही फारसं काळवंडत नाही. खरी पंचाईत मधल्या छटांची. त्यांच्यात उजेड परत पाठवण्याची ताकद भरपूर आणि तो शोषायला रंगही पुरेसा, त्यामुळे कोरडा आणि ओला भाग यांतला फरक डोळ्यांत भरतो. राखाडी रंगाला तर लपायला दुसरी कुठली छटाही नसते; तो फक्त फिका किंवा गडदच होऊ शकतो. म्हणून काखेतला वर्तुळाकार डाग सगळ्यांत स्वच्छ कुठे दिसत असेल, तर राखाडी टीशर्टवर. जिममध्ये जाणाऱ्यांना हे सांगायला नको.

थोडक्यात, संध्याकाळसाठी टोकाचे रंग निवडावेत. नेव्ही ब्लू, काळा, वाइन, गर्द बॉटल ग्रीन, गडद जांभळा हे एका टोकाला. पांढरा आणि अगदी फिका मोतिया दुसऱ्या टोकाला. लग्नाच्या घरात काळा रंग नको वाटत असेल तर नेव्ही ब्लू घ्यावा. लॉनवरच्या पिवळ्या दिव्यांच्या माळांखाली त्याच्यात आणि काळ्यात फारसा फरक दिसत नाही, आणि घरातल्या थोरांचाही मान राहतो. चंदेरी लाल, राणी, मोरपंखी, मोहरी असे ठळक रंग मधे कुठेतरी येतात. जितकी छटा गर्द, तितकी बरी. मोहरीवर डाग दिसतो, मरूनवर दिसत नाही.

दोन्ही टोकांना आपापल्या अडचणी आहेत. पांढरं कापड काळवंडत नाही, पण पारदर्शक होतं. परतायचा उजेड आरपार जायला लागतो आणि आतलं सगळं दिसतं. मलमलचा पांढरा कुर्ता पाठीला चिकटला की आतल्या बनियनचा पट्टा दुरून मोजता येतो. त्यामुळे पांढरं घालायचं तर कापड जरा जाड तरी हवं, किंवा आत आणखी एक थर तरी हवा. गडद रंगाची अडचण उशिरा कळते. घामात मीठ असतं. कापड ओलं असताना ते दिसत नाही; वाळलं की पाठीवर आणि काखेत पांढरट रेघा उमटतात. दोनअडीच तासांच्या रिसेप्शनमध्ये सहसा ही वेळ येत नाही. पण दुपारी लग्नात घातलेला काळा कुर्ताच संध्याकाळी पुन्हा चढवला तर त्या रेघा घेऊनच तुम्ही फोटोला उभे राहाल.

रंगाइतकाच, कधीकधी त्याहून जास्त, उपयोग नक्षीचा होतो. डाग आपल्या नजरेला कळतो तो त्याच्या कडेमुळे. एकसलग कापडावर ती कड अखंड दिसते. कापडावर आधीपासूनच गडद-फिक्याची गर्दी असेल तर ओल्या भागाची कड त्या गर्दीत हरवते. मात्र त्यासाठी नक्षी बारीक हवी, दाट हवी आणि तिच्यात गडद-फिक्याचा फरक ठळक हवा. पीच रंगावर त्याहून किंचित गडद पीच फुलं असतील तर ती काही लपवत नाहीत. मोठमोठ्या फुलांमध्ये वीतभर मोकळी जागा असेल, आणि शिंप्याने नेमकी तीच काखेत आणली, तर त्या छापाचा उपयोग शून्य. कच्छचा अजरख या कामासाठी जवळपास आदर्श आहे. गर्द निळा, मातकट लाल, काळा आणि मधूनमधून पांढरी रेघ, अशी त्याची मांडणी असते. त्यात ओल शोधावी लागते. बारीक इकत, दाबूचा गर्द छाप, दाट बांधणी हीदेखील चांगली. फक्त नैसर्गिक निळीचं नवं कापड घामाने रंग सोडू शकतं. काखेतला डाग झाकला, पण शेजारच्या पांढऱ्या बनियनवर आणि त्वचेवर निळं उतरलं, तर काय मिळवलं? ओल्या पांढऱ्या रुमालाने कापडाच्या आतल्या बाजूला पाच-सहा वेळा घासून बघावं. रुमाल रंगला तर ते कापड आधी दोनतीनदा धुवून मगच वापरावं.

आपल्याकडच्या बायकांना याचं उत्तर फार आधीपासून घरात मिळालेलं आहे, ते म्हणजे खण. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला विणला जाणारा हा चोळीचा कपडा. अंगभर बारीक ठिपके नाहीतर बुट्टे, तेही छापलेले नाहीत, विणलेले. विणलेल्या नक्षीत धागे वरखाली झालेले असल्यामुळे पृष्ठभागही एकसारखा सपाट राहत नाही, आणि उजेड वेगवेगळ्या दिशांना जातो. गर्द रंगाचा खण काखेत ओला झाला तर जवळ येऊन बघितल्याशिवाय कळत नाही. बऱ्याच स्वस्त खणांत आता कृत्रिम धागा असतो, त्यामुळे तो घाम टिपत नाही, एवढं लक्षात ठेवून आत चांगलं सुती अस्तर लावून घ्यावं. लखनवी चिकन पांढऱ्यावर पांढरं असतं, त्यालाही भरतकामामुळे अशीच उंचसखल घडण येते. पण कापड झिरझिरीत, म्हणून आत अंगाच्या रंगाची स्लिप हवीच.

कापडाच्या बाबतीत मात्र सगळ्या महाराष्ट्राला एकच सल्ला देता येत नाही, आणि मासिकांमधले असले लेख इथेच घसरतात. नागपूरला मेमध्ये दुपारी पारा 42-43 अंशांपर्यंत जातो, मुंबईत 33-34 अंशांच्या आसपास राहतो. तरी ओल्या कपड्यांचा त्रास मुंबईत जास्त. नागपूरची हवा कोरडी. घाम येतो आणि उडून जातो, कित्येकदा आल्याचं कळतही नाही. तिथे साधं सुती कापड उत्तम काम करतं. टिपलेला घाम वाऱ्यावर वाळतो. लॉनवर कूलर किंवा पाण्याचे तुषार उडवणारे पंखे लावले तर खरोखर गारवा येतो, कारण कोरड्या हवेत पाण्याची वाफ झपाट्याने होते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथे हवेतच आधी इतकी वाफ असते की घामाला जायला जागा नसते. तो अंगावरून ओघळतो, कापडात शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो. अशा हवेत तुषारांचे पंखे कपडे दमट करण्यापलीकडे काही करत नाहीत. त्यांच्यासमोरची खुर्ची टाळावी. त्यात संध्याकाळी हिरवळीवर पाणी मारलेलं असतं, तेही भर घालतं. पुणं या दोघांच्या मधे. तिथे साडेआठनंतर बहुतेकदा वारा सुटतो, आणि पुणेकर त्याबद्दल बोलायला थकत नाहीत.

म्हणजे किनाऱ्यालगत ‘सुती घाला’ एवढा सल्ला पुरत नाही. सूत घाम छान टिपतं, पण सोडत नाही. जाड सुती कुर्ता एकदा पाठीला ओला झाला की रिसेप्शन संपेपर्यंत ओलाच. दमट हवेत कापड अंगापासून सुटं राहणं जास्त महत्त्वाचं, कारण जे कापड त्वचेला टेकतच नाही ते ओलं कशाने होणार? इथे लिनन कामाला येतं. त्याचा धागा ताठ असतो, कापड अंगावर चिकटून पडत नाही, आणि वाळतंही सुतापेक्षा लवकर. पण लिननची ख्याती ऐकून लोक फिकट राखाडी नाहीतर आकाशी लिननचा शर्ट घेतात आणि मग तक्रार करतात. कापड बरोबर होतं, रंग चुकला. लिनन घ्यायचं तर नेव्ही नाहीतर पांढरं. सुरकुत्या पडलेल्या विणीचं सीअरसकर मिळालं तर तेही चांगलं. त्यातल्या चुण्यांमुळे कापडाचा थोडाच भाग अंगाला लागतो.

रेयॉन आणि व्हिस्कोजच्या कुर्त्या दुकानात हाताला फार गार आणि मऊ लागतात. तोच त्यांचा दोष. ओलं झाल्यावर हे कापड लुळं पडतं, अंगाला चिकटतं आणि ओली जागा भलतीच गडद दिसते. रिसेप्शनसाठी एकरंगी रेयॉन मी कुणालाच सुचवणार नाही. पॉलिएस्टरचं प्रकरण लोकांना वाटतं तितकं सरळ नाही. त्याचा तंतू पाणी जवळपास पीतच नाही. त्यामुळे घाम अंगावर राहतो, चिकचिक होते, वासही सुताच्या मानाने जास्त धरून राहतो. एकरंगी क्रेप किंवा सॅटिन असेल तर ओल धाग्यांमधून सरकत पसरते आणि चकाकत्या कापडावर मंद ओला पट्टा उठून दिसतो. पण गर्द, दाट छापाची सैल जॉर्जेट साडी असेल तर तीच वाऱ्यावर झटकन वाळते आणि दिसायलाही निभावते. सिंथेटिक म्हटलं की नाक मुरडायची गरज नाही. नाक मुरडावं ते फिक्या सॅटिनला.

रेशमाबद्दल सांगण्यासारखं जास्त आहे, कारण लग्नघरात ते टळत नाही. पैठणी नेसलात म्हणून काही बिघडत नाही. साडीचा फार थोडा भाग घाम येणाऱ्या जागी असतो; निऱ्यांना आणि पदराला काही होत नाही. अडचण आहे ती साडीसोबत आलेल्या त्याच रंगाच्या रेशमी ब्लाउजपीसची. रेशमावर घाम वाळला की कडेला वर्तुळ राहतं, आणि ते सहजी जात नाही. घामाने आणि घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांनी रेशमाचा धागा कमकुवतही होतो. दहा वर्षांनी कपाटातून काढलेल्या ब्लाउजची काख हाताने ओढताच फाटते, ती त्यामुळे. जरीची चकाकी घामाने जाते ती वेगळीच. कॉन्ट्रास्ट ब्लाउजची पद्धत आता सगळीकडे रुळली आहे, तिचा फायदा घ्यावा. पिस्ता पैठणीवर वाइन रंगाचा खणाचा ब्लाउज, अबोली कांजीवरमवर गर्द हिरवा. साडीचा रंग हवा तो ठेवा, काखेतला रंग तुमच्या हातात आहे.

शिवणीकडे आपण फार कमी लक्ष देतो. ब्लाउज शिवायला टाकताना गळ्याची चर्चा अर्धा तास चालते, मुंढ्याची होत नाही. मुंढा घट्ट आणि काखेत वरपर्यंत चढलेला असेल तर कापड सतत घाम येणाऱ्या जागेवर दाबून बसतं आणि पंधरा मिनिटांत ओलं होतं. मुंढा अर्धा इंच सैल ठेवा, असं स्पष्ट सांगावं. फिटिंग जाईल म्हणून शिंपी नाखूश असतात, पण अर्ध्या इंचाने छातीचं फिटिंग जात नाही. दुसरी गोष्ट अस्तराची. क्रेपचं चकचकीत अस्तर अंगाला गुळगुळीत लागतं, पण घाम टिपत नाही. तो शिवणीतून बाहेरच्या कापडात उतरतो. सुती अस्तर बराच वेळ घाम स्वतःकडे ठेवतं, त्यामुळे बाहेरचं कापड उशिरा ओलं होतं. काही बायका काखेपुरता सुती कापडाचा दुहेरी तुकडा आतून टाचून घेतात; धुताना काढता येतो आणि तयार मिळणाऱ्या चिकटपट्टीच्या पॅडसारखा घामाने सुटून भलत्याच वेळी बाहेर डोकावत नाही. अस्तर पाण्यातून काढून मगच शिवायला सांगावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि बाहेरच्या कापडाला चुण्या पडतात. ज्यांना आवडतं त्यांनी सरळ बिनबाह्यांचा ब्लाउज घालावा. काखेत कापडच नाही, तर डाग कशावर पडणार?

पुरुषांचा प्रश्न बनियनपासून सुरू होतो. सँडो बनियन काख झाकत नाही. छाती आणि पाठ वाचते, पण जिथे घाम सर्वांत आधी येतो ती जागा उघडीच राहते. कुर्त्याच्या किंवा शर्टाच्या आत पातळ, बाह्यांचं सुती बनियन हवं. ‘आणखी एक कपडा घालून उकडणार नाही का?’ थोडं उकडेल, पण बाहेरचा कपडा तासभर जास्त कोरडा राहील. निवड ज्याची त्याने करावी. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरं बनियन मात्र उठून दिसतं. फिकट तपकिरी, म्हणजे स्वतःच्या कातडीशी मिळतंजुळतं घेतलं तर दिसत नाही. त्यावर बंडी, म्हणजे दुकानात ज्याला नेहरू जॅकेट किंवा मोदी जॅकेट म्हणतात ती, घातली की पाठ आणि छाती दोन्ही झाकली जातात. उघड्या राहतात फक्त बाह्या, आणि त्या पांढऱ्या असतील तर काखेचा प्रश्न बराचसा सुटतो. थ्री-पीस सूटवाल्यांना एक इशारा: वेस्टकोटची पाठ बहुतेकदा सॅटिनच्या अस्तराची असते. जेवताना कोट काढून खुर्चीवर टाकलात की पाठीचा सगळा नकाशा पंगतीला दिसतो. आणि फिक्या राखाडी किंवा खाकी पँट टाळा. लॉनवरच्या खुर्च्यांना सॅटिनची कव्हरं असतात. अर्धा तास बसून उठल्यावर मांड्यांमागे काय दिसतं ते स्वतःला दिसत नाही.

हे सगळं एका घरात कसं बसलं ते सांगते. माझ्या मावसबहिणीच्या दिराच्या मुलाचं रिसेप्शन ठाण्याला, घोडबंदर रस्त्यालगतच्या एका लॉनवर होतं. मेचा मध्य, वेळ साडेसात, आणि हे घरचे लोक, म्हणजे प्रवेशाशी उभं राहून पाहुण्यांचं स्वागत करायचं. ताईची पिस्ता पैठणी ठरलेली होती आणि ब्लाउज त्याच कापडाचा होता. भावजींनी फिकट राखाडी लिननचा बंदगळा बघून ठेवला होता, मुलाने आकाशी शर्ट, आणि मुलीने पीच रंगाचा क्रेपचा गाऊन. नको त्या रंगांचं संमेलनच भरलं होतं म्हणा.

मी त्यांना पाण्याची चाचणी करायला लावली. ती कुणालाही घरी करता येते. कपडा अंगात घालायचा, काखेच्या जागी आतल्या बाजूने साधारण एक चमचा पाणी लावायचं, हात दोन मिनिटं खाली ठेवायचे. मग दुसऱ्याने सहा-सात फुटांवरून बघायचं आणि मोबाइलने एक फोटो फ्लॅश लावून, एक न लावता काढायचा. सहा फूट एवढ्यासाठी की बहुतेक पाहुणे आणि फोटोग्राफर तुम्हाला साधारण तेवढ्या अंतरावरून बघतात. त्यानंतर कापड वाळू द्यायचं आणि कडेला वर्तुळ राहतं का ते पाहायचं. रेशमावर हा प्रयोग शिवलेल्या कपड्यावर करू नका. शिवणीत दुमडलेल्या कडेवर किंवा उरलेल्या चिंधीवर करा.

आकाशी शर्ट फ्लॅशशिवायसुद्धा नापास झाला. मुलाने फोटो बघितला आणि काही न बोलता शर्ट परत कपाटात टाकला. त्याच्या जागी बारीक निळ्या ठिपक्यांचा पांढरा शर्ट आला. बंदगळ्याचा निकाल मला अपेक्षित होता त्यापेक्षा चांगला लागला. अस्तर आणि आतला ताठ थर यांमुळे पाणी बाहेर यायला बराच वेळ लागला. पण तोच ताठपणा दोन तास अंगावर वागवणं म्हणजे दुप्पट घाम, आणि एकदा घातल्यावर काढायची सोय नाही. भावजी शेवटी पांढरा कुर्ता आणि अजरखची बंडी यांवर आले. ‘बंडीत मी पुढाऱ्यासारखा दिसतो,’ असं ते म्हणाले. त्यावर आमच्याकडे उपाय नव्हता. ताईने पैठणी ठेवली, ब्लाउज वाइन रंगाच्या खणाचा नवा शिवला, मुंढा सैल आणि अस्तर सुती.

पीच गाऊनवर खरी चर्चा झाली. फ्लॅशच्या फोटोत काखेतला डाग तळहाताएवढा दिसत होता, पण मुलीला गाऊन सोडायचा नव्हता. ‘मावशी, रंग तोच हवा,’ यावर ती ठाम. शिंप्याकडून बाह्या काढून मुंढ्याला पट्टी लावून घेतली, त्यामुळे काखेचा प्रश्न संपला. पाठीचा संपला नाही. रिसेप्शनला नऊच्या सुमारास तिच्या पाठीच्या कण्यालगत लांबट ओल दिसायला लागली, आणि तिने बांधलेले केस मोकळे सोडून ती झाकली. केसांमुळे पाठीला आणखी घाम आला, हेही खरं. फिक्या क्रेपचं एवढंच करता येतं. ताईच्या ब्लाउजला हात लावून बघितलं तर काखेत चांगलाच ओला होता. फोटोंत मात्र कुठेही दिसत नाही.

कपड्यांबाहेरच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. बाजारातले बरेचसे डिओ फक्त वास देतात, घाम कमी करत नाहीत. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनवर ‘अँटीपर्स्पिरंट’ असं लिहिलेलं असतं आणि त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या ग्रंथींच्या तोंडाशी बारीक बूच तयार करतात. हे बूच बसायला ग्रंथी शांत असाव्या लागतात, म्हणून ते आदल्या रात्री, काख धुवून पूर्ण कोरडी करून लावायचं. घाईत अंघोळीनंतर ओल्या काखेत लावून वर लगेच ब्लाउज चढवला तर बराचसा कापडालाच लागतो. पांढऱ्या कापडावर नंतर येणारे पिवळे डाग घाम आणि हे क्षार यांच्या संगतीने येतात. आणि गारवा असतानाही हात-काखा सतत निथळत असतील, तर तो कपड्यांचा प्रश्न नाही; त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं, त्यावर उपचार आहेत.

दुसरी गोष्ट वेळेची. अंघोळ करून लगेच नटायला बसलं की अंगातली ऊब घाम बनून बाहेर येते आणि घरातून निघतानाच ब्लाउज ओला असतो. अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं पंख्याखाली साध्या गाऊनमध्ये बसावं, मेकअप आणि केस तेवढ्यात उरकावेत, कपडे सर्वांत शेवटी चढवावेत. गाडीत रेक्झिनच्या सीटला पाठ टेकून तासभर बसलं तर एसी असूनही पाठ ओली होते. मधे सुती टॉवेल टाकावा. बंडी किंवा कोट हँगरला लावून न्यावा आणि लॉनच्या फाटकाशी घालावा.

अक्षय्य तृतीयेच्या आसपास शिंप्यांकडे इतकी गर्दी होते की नवीन ब्लाउज घ्यायला कुणी तयार नसतं, म्हणून यातलं काहीही करायचं असेल तर किमान तीन-चार आठवडे आधी करा. आणि पाण्याची चाचणी कापड शिंप्याकडे टाकण्यापूर्वी करा, शिवून आल्यावर नाही. कात्री लागलेलं कापड कुठलाही दुकानदार परत घेत नाही.